पाटावरचं मीठ

मानपाड्याची कल्पिता भोईर कुणाच्या बापाला घाबरत नाही असं सगळा गाव म्हणतो. आता गाव काय, काहीही म्हणतो, पण यात तथ्य होतं. जमिनीसाठी दारात आलेल्या बिल्डरच्या माणसाला तिने झाडू दाखवून घालवलेलं. नवरा गेला त्या दिवशी सगळे रडत बसलेले असताना ही स्मशानात ओल्या लाकडांवरून भांडत होती. असली बाई. पण त्या सोमवारी लेकीच्या पलंगाखाली तिने झाडू घातला, तो कशाला तरी अडला, तिने वाकून ती वस्तू ओढून काढली आणि हातातला झाडू टाकला. ती तिथेच फरशीवर बसली.

एक पाट होता. हातभर लांब, तेवढाच रुंद, गुळगुळीत घासलेला. त्याच्या बरोबर मधोमध गोल डोक्याचा पितळी खिळा ठोकलेला. खिळ्याभोवती मीठ, चांगलं खडेमीठ, रगडून रगडून अर्धं पीठ झालेलं. आणि त्या मिठात एक सुकलेला तपकिरी डाग. कल्पिताने बोट न लावताच ओळखलं, ते रक्त होतं.

खिळा, मीठ, रक्त. मिठागरावर वाढलेल्या आगरी बाईला याच्यापुढे आणखी काय सांगायचं? पोरीवर कुणीतरी करणी केली होती, आणि तीही घरात घुसून, पलंगाखाली.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. दोन महिने घरातलं खडेमीठ भसाभस संपत होतं. लोणच्याला आणलेलं पाकीट अर्धं झालं तेव्हा तिने बिचाऱ्या कामवालीला बोल लावलेले. रसिका डावा पाय जपून टाकत होती. विचारलं तर म्हणाली, चप्पल चावली. चप्पल काय अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे चावते? चहा ढवळताना पोरीचे ओठ हलायचे, आवाज नाही. आणि दर गुरुवारी यायला उशीर. रसिका डोंबिवलीत एका फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये कामाला होती, गुरुवारी पेशंट जास्त असतात म्हणायची. कल्पिताने क्लिनिकला फोन लावला. "रसिका मॅडम? गुरुवारी त्या तीनलाच निघतात," तिकडून उत्तर आलं.

दिराला, सुदेशला सांगावं असं एकदा मनात आलं. पण सुदेशचं डोकं म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तो आधी पंधरा माणसं गोळा करील आणि मग काय झालं ते विचारील. तिने पाट होता तसा आत सारला. संध्याकाळी लेकीला नुसतं विचारलं, "तो पाट कसला गो?" रसिका म्हणाली, "बॅलन्सचा व्यायाम आहे, आई. कामाचंच आहे." खोटं बोलताना ही पोरगी कान खाजवते, लहानपणापासून. तिने कान खाजवला.

कल्पिता घाबरली होती, आणि नुसती करणीला नव्हे. त्याच्या खाली एक जुनी भीती होती. कल्पिताला एक मोठी बहीण होती. हे साधं वाक्य तिने त्रेचाळीस वर्षांत एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. बहीण सोळा वर्षांची, मिठागरावर डोक्यावर टोपली घेऊन बांधावरून पळत जायची, टोपलीला हात न लावता. दिव्याच्या खाडीकडचं ते गाव. चैत्राच्या जत्रेत ढोल वाजायला लागले आणि तिच्या अंगात वारं आलं. देवळासमोर केस सोडून गरागरा फिरायला लागली. आई, सखुबाई, गर्दीत मागे अडकलेली, तिथून ओरडली, "कल्पे, हात धर तिचा, सोडू नको." कल्पी नऊ वर्षांची. तिने धरला. तेव्हा बहिणीने मान वळवली, डोळे पांढरे, आणि भलत्याच जाड आवाजात विचारलं, "तू कोण गो?"

कल्पीने हात सोडला. बहीण भेलकांडत गेली ती देवळाच्या दगडी जोत्यावर डोकं आपटून पडली. तिसऱ्या दिवशी संपली. सखुबाईने तिचे कपडे खाडीत सोडले आणि घरात सांगून टाकलं, आजपासून तिचं नाव कुणी घ्यायचं नाही. नाव घेतलं की वारं परत वाट काढतं. आणि कुणी घेतलं नाही.

गुरुवारी तीन वाजता कल्पिता क्लिनिकसमोर रिक्षात बसून होती. रसिकाची स्कूटर निघाली. "तिच्या मागे घे," तिने रिक्षावाल्याला सांगितलं. त्याने आरशातून असा काही चेहरा केला की तिला म्हणावं लागलं, "लेक आहे माझी. नीट चालव." पत्रीपुलावर ट्रॅफिकमध्ये स्कूटर दिसेनाशी झाली तेव्हा तिला घाम फुटला, पुढे परत दिसली. कल्याणात दूधनाक्याच्या बाजूला एका जुन्या कौलारू घरापाशी रसिका उतरली आणि लाकडी जिना चढून वर गेली. ओढणी डोक्यावर घेतली होती.

कल्पिता खाली उभी राहिली. वस्ती मुसलमानांची, कोकणी मुसलमानांची, बायका दारात बसून मराठीतच बोलत होत्या. कुणी तिला हटकलं नाही. जिन्यावर बायकांच्या आठ-नऊ जोडी चपला होत्या. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि वरून आवाज आला. "हू." सगळ्यांचा मिळून एक श्वास, खोल, पोटातून. "हू." पुन्हा. पुन्हा.

तोच आवाज, ती मनाशी म्हणाली, वाऱ्याचा. पाय मागे येत होते. मेलेल्या बहिणीचा हात सोडला होता, आता जित्या लेकीचा सोडू? ती चढली.

दार नुसतं लोटलेलं. आत चटईवर बायका गोल करून बसलेल्या. मधे एक सडपातळ म्हातारी, पांढरी साडी, चष्मा. आता "हू" थांबून दुसरं चाललं होतं. सगळ्यांची डोकी एकदम खाली बेंबीकडे वाकायची, तिथून उजव्या खांद्याकडे उचलली जायची, "ला इलाह", आणि तिथून डावीकडे छातीवर झटक्याने यायची, "इल्लल्लाह". जणू काळजावर टकटक. आधी सावकाश, मग जलद. घाम, श्वास, आणि सगळ्यांच्या मधे तिची रसिका, डोळे मिटलेली. कल्पिताने दाराची चौकट घट्ट धरली.

म्हातारीने हात वर केला. एकदम शांत झालं. मग रसिका उठली. दोन्ही हात छातीवर आडवे, उजवा डाव्यावर, तळवे खांद्यांवर. ती वाकली. आणि फिरायला लागली.

डावा पाय जागेवर, उजवा त्याच्यावरून ओलांडून ढकलतो, एक फेरी. परत, एक फेरी. सगळं डावीकडे. हात हळूहळू उघडले, उजवा तळवा वर, डावा खाली. मान किंचित उजवीकडे कललेली. डोळे अर्धे उघडे, फटीतून नुसतं पांढरं. कुडता फुगला, वेग वाढला. ओठ बंद, पण गळ्यात काहीतरी हलत होतं, प्रत्येक फेरीला एकदा. कल्पिताला दुसरं काही दिसेना. देऊळ दिसलं, जोतं दिसलं, सोळा वर्षांची पोर दिसली. भिंत किती लांब आहे, कडप्प्याचा कट्टा किती लांब आहे, हे तिने एका नजरेत मोजलं.

"धरा तिला," ती ओरडली आणि आत घुसली. म्हातारी "नको, नको" म्हणत उठेपर्यंत तिने रसिकाचा डावा हात पकडला होता, आणि या वेळी सोडायचा नाही असं ठरवून पकडला होता.

फिरणारं शरीर एका हाताने थांबत नाही. पोरगी त्याच झोकात पुढे गेली, हात मागे राहिला, दोघी आडव्या झाल्या. रसिका खाली, आई वर. काहीतरी कटकन वाजलं. रसिका हलत नव्हती. मारली, कल्पिताला वाटलं, हीसुद्धा मारली.

रसिकाने डोळे पूर्ण उघडले. समोरच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"आई? तू कशी आलीस?" मग वेदनेने दात आवळत ती म्हणाली, "चप्पल काढ ना. चटईवर आलीयस चप्पल घालून."

कल्पिता तिच्याकडे बघत राहिली. "ओळखलंस मला?" तिने विचारलं. रसिकाला प्रश्नच कळला नाही.

डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. पाच आठवड्यांचं प्लास्टर. लोकांची मनगटं बरी करणाऱ्या पोरीचंच मनगट, आणि मोडलं कुणी, तर आईने. दोन दिवस रसिका घरात आईशी एक शब्द बोलली नाही. कल्पिता तिला वरणभात भरवायला जायची, तर ती उजवा हात दाखवून स्वतःच जेवायची.

शनिवारी ती बोलली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, प्लास्टर पोटाशी धरून.

"त्या चष्मेवाल्या हमीदाखाला, खाला म्हणजे मावशी, माझ्या पेशंट आहेत. गुडघ्याची. मॅथ्स शिकवायच्या शाळेत, रिटायर झाल्या. नवरा बोटीवर होता, त्याच्याबरोबर इस्तंबूलला सहा वर्षं राहिल्या, तिथे एका म्हाताऱ्या बाईकडे हे शिकल्या. मी एकदा नुसती बघायला गेलेली. कुणी मला पळवलेलं नाही, काही खायला घातलेलं नाही."

"मग गेलीस कशाला?" कल्पिताचा आवाज चढला नाही, हेच नवल.

"पप्पा गेल्यापासून मला रडू येत नव्हतं, आई. दीड वर्ष. छातीत दगड ठेवल्यासारखं. त्यांचा आवाज पण आठवेना. तू फोटो कपाटात टाकलास, त्यांचे शर्ट दुसऱ्याच आठवड्यात देऊन टाकलेस. या घरात माणूस गेला की त्याचं नाव पण जातं." तिने प्लास्टर सावरलं. "तिथे तिसऱ्या गुरुवारी फिरताना मला पप्पांचा आवाज आठवला. 'रसू, गेट लाव.' एवढंच. मी बसून अर्धा तास रडले. कुणी थांबवलं नाही."

कल्पिताने गॅस बंद केला. तिला खाडीकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या आपल्या आईचा, सखुबाईचा, चेहरा आठवला, आणि आपला चेहरा कसा दिसत असेल ते कळलं. तिला भीतीच वाटली त्याची.

पुढच्या गुरुवारी रसिकाला स्कूटर चालवता येणार नव्हती. "रिक्षाने सोडते तुला," कल्पिता म्हणाली. जिन्याखाली तिने चपला काढल्या, दोन्ही नीट जोडीने लावल्या.

हमीदाखाला दारातच होत्या. कल्पिताने हात जोडले. "चुकलं माझं."

"चुकलं खरं," म्हातारी म्हणाली. शाळेतली बाई ती, गोड बोलून सोडणारी नव्हे. "फिरणाऱ्याला मधे धरत नाहीत. पण पोरीच्या पाटावरचं मीठ बघून मी माझ्या पोरीसाठी काय केलं असतं, देव जाणे. बसा. चहा घ्याल ना आमच्याकडचा?"

"घेईन की." तिने घेतला, आणि कप खाली ठेवण्याआधी मनातलं विचारून टाकलं. "बाई, हिच्या अंगात वारं आलं तर?"

खालांनी चष्मा पुसला. "तुमच्या देवीबद्दल मी काही बोलणार नाही, मला त्यातलं कळत नाही. आमचं तेवढं सांगते. झिक्र म्हणजे आठवण. अल्लाहची आठवण, त्याचं नाव. 'हू' म्हणतो ना आम्ही, ते म्हणजे 'तो', अल्लाहच. रसिका आली तेव्हाच मी सांगितलं, इथलं फिरणं त्याच्या नावाचं आहे, तुला म्हणायची सक्ती नाही, पण मी नाव बदलणार नाही. तिने महिनाभर नुसता श्वास घेतला, मग स्वतःहून म्हणायला लागली. आता अंगात येणं म्हणता, त्यात माणूस निघून जातो, बरोबर? दुसरं कुणी बोलतं. इथे उलटं. इथे माणसाने हजर राहायचं असतं. कोण कुठे उभं आहे, भिंत कुठे आहे, सगळं ठाऊक हवं. ज्याचं भान गेलं त्याला मी बसवते."

"पण तिचे डोळे..."

"डाव्या अंगठ्यावर होते. फिरताना नजर स्वतःच्या हातावर ठेवायची, भिंतीवर नाही. भिंत पळते, हात पळत नाही, म्हणून चक्कर येत नाही. तुम्ही नेमका तोच हात धरलात." कल्पिताने मान खाली घातली. खाला जरा मऊ झाल्या. "काळीज डावीकडे, म्हणून फिरायचं डावीकडे, काळजाभोवती. उजवा तळवा वर, मागायला. डावा खाली, मिळालेलं देऊन टाकायला, आपल्यापाशी काही ठेवायचं नाही. आणि बसून डोकं हलवतो ते? 'कुणी नाही' म्हणत सगळं उजव्या खांद्यावरून मागे टाकायचं, 'त्याच्याशिवाय' म्हणत काळजावर आणायचं. घर झाडतो ना आपण आधी, मग दिवा लावतो."

"मग नुसतं बसून का नाही आठवत?"

"मन फार हुशार असतं, बाई. बसल्या बसल्या दाराला कडी घालून बसतं. पण पाय एक करतो, हात एक करतो, श्वास एक करतो, तेव्हा त्याला राखण करायला सवड उरत नाही. कडी निघते. काय बाहेर येईल ते आपल्या हाती नसतं. पहिल्यांदा बहुतेक भीतीच येते."

कल्पिताने कप ठेवला. "मला करून बघायचंय," ती म्हणाली.

रसिकाने आईकडे असं पाहिलं, जणू शेजारचीच कुणी बाई बोलली.

खालांनी कोपऱ्यातला नवशिक्यांचा पाट आणला. तसाच, मधे गोल डोक्याचा खिळा. बरणीतलं मीठ टाकायला वाकल्या, तर कल्पिताच्या तोंडून निघालंच, "इतकं बारीक नको. पायाला चिकटेल. द्या इकडे." तिने खिळ्याभोवती खडे पसरले, तळव्याने एकदाच दाबून, सखुबाई बांधावर करायची तसे. बोटांना ते खडे ओळखीचे होते. "मीठ कशाला, आता कळलं," ती म्हणाली. "पाय सरकतो, सोलवटत नाही."

"तरी सुरुवातीला सोलवटतो," रसिका म्हणाली. तेच ते रक्त.

डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे खिळा आला. थंड लागला. हात छातीवर आडवे. खाला म्हणाल्या, तोंडाने काही म्हणू नका, नुसता श्वास सोडा, आणि उजवा पाय ओलांडून ढकला. हात नंतर. कल्पिता वाकली आणि तिने ढकललं.

पहिली फेरी झालीच नाही, ती अर्ध्यावर लटपटली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला खोली सुटली, खिडकी पळाली, बायका पळाल्या, आणि भीती आली. हे तेच आहे, तिला वाटलं, आता डोळे पांढरे होणार. "रसू, धर मला."

"नाही धरत, आई," रसिकाचा आवाज आला, खूप जवळून. "मी इथेच उभी आहे. हाताकडे बघ."

तिने हात उघडला आणि त्याच्याकडे पाहिलं. डावा हात. अंगठ्याला भाजल्याचा जुना डाग, नखात हळद. खोली पळत होती, हात पळत नव्हता. चौथी फेरी. पाचवी. डावा पाय मिठावर करकरत फिरला, आणि तो आवाज तिच्या ओळखीचा होता. बांधावर पळणाऱ्या पायांचा. टोपली डोक्यावर, हात मोकळे, मागे वळून हसणारी पोर, "चल गो कल्पे, बिगीबिगी." पांढरे डोळे नव्हते. जाड आवाज नव्हता. त्या तीन दिवसांनी त्याच्या आधीची सोळा वर्षं गिळली होती, आणि ती सगळी इथे होती, तशीच.

"कला," कल्पिता म्हणाली.

मोठ्याने. त्रेचाळीस वर्षांनी. आणि ऐकून तिचं तिलाच धस्स झालं. पाय थांबले, हात आपोआप छातीवर आले. खोली अजून फिरत होती. ती वाऱ्याची वाट बघत उभी राहिली, आता येईल, आता येईल. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. पडदा हललाही नाही. गालावरून पाणी खाली उतरत होतं आणि ओठाला खारट लागत होतं, बाकी काहीच झालं नाही.

"आई," रसिकाने हळूच विचारलं, "कला कोण?"

कल्पिताने हातावरची नजर काढली नाही.

"तुझी मावशी," ती म्हणाली. "सांगते सगळं. आधी मला बसू दे."